गरम झाली की बंद, गार झाली की चालू : साताऱ्यातल्या एका पेट्रोल गाडीच्या नोंदी

६ एप्रिल

दाजींची गाडी काल कोरेगावहून गोडोलीला आमच्या अंगणात आली. स्वतःच्या चाकांवर, एका सेल्फमध्ये चालू होऊन आली, आणि सगळा घोळ तिथंच आहे. गार इंजिनावर हिला काहीही होत नाही. तासभर पळवली, त्यात ट्रॅफिक किंवा घाट लागला, की चालत्या गाडीत इंजिन एकदम गप्प होतं. आचके नाहीत, धूर नाही, पिकअप कमी होणं नाही. मग कितीही सेल्फ मारा, उठत नाही. बॉनेट उघडून वीस-पंचवीस मिनिटं उभं राहिलं की पहिल्या सेल्फला चालू.

गाडी चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, मल्टी पॉइंट इंजेक्शनची, बारा वर्षं जुनी. डिस्ट्रिब्युटर नाही, कॉइल पॅक आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा आजार कुठल्याही कंपनीच्या ह्या वयाच्या गाडीला होतो.

आतापर्यंतचा खर्च दाजींनी डायरीत लिहून ठेवलाय. पेट्रोल पंप बदलला ३,४०० रुपये, पेट्रोल फिल्टर ३८०, चार प्लग ६४०, थ्रॉटल बॉडी साफ ६००, वर मजुरी. एकूण साडेसहा हजारांच्या घरात, आणि दर वेळी गॅरेजमधून गाडी "ओके" म्हणून बाहेर आली. येणारच, कारण प्रत्येक वेळी टोचन करून गॅरेजला पोचेपर्यंत ती गार झालेली असायची. गार गाडीवर केलेली कुठलीही तपासणी ह्या आजारात पास होते.

७ एप्रिल

आज पान्याला हात लावला नाही. दाजींना चहा दिला आणि खोदून खोदून विचारलं. गेल्या महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढताना बंद पडली, मागे उसाचा ट्रक. नंतर एकदा पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, भर दुपारी. दोन्ही वेळेला एसी चालू होता.

मला एकच गोष्ट हवी होती. "दाजी, बंद पडली तेव्हा गाडी गिअरमध्ये पुढे चालतच होती ना? मग आरपीएमचा काटा हळूहळू खाली आला, का धाडकन शून्यावर?"

दाजी म्हणाले, "काटा तर पहिल्यांदाच पडला. मला वाटलं मीटर गेलं. गाडी तर पळतच होती."

ह्या उत्तराने शोध निम्म्यावर आला. गाडी गिअरमध्ये आहे आणि चाकं फिरतायत, म्हणजे इंजिनही फिरतंय. पेट्रोल कमी पडलं असतं तर इंजिनाने आचके दिले असते आणि काटा इंजिनाबरोबर खाली आला असता. इंजिन फिरत असताना काटा शून्यावर म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, कळतच नाहीये. ते त्याला सांगणारा एकच जण, क्रँकशाफ्टच्या फिरण्यावर नजर ठेवणारा क्रँक सेन्सर.

एक अट मात्र आहे. ही खूण ईसीयूवरून काटा चालणाऱ्या गाड्यांनाच लागू. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत काटा इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हवरून चालतो. तिथं स्पार्क पाडणारं इग्निशन मॉड्यूल गेलं तरी काटा तसाच पडेल.

पंप का बदलला तेही विचारलं. गॅरेजवाल्याने रस्त्यावर येऊन सेल्फ मारून बघितला, पंपाचा आवाज येईना, म्हणून पंप. त्याचं निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष उलटा. चावी ऑन केली की ईसीयू पंप दोन-तीन सेकंद चालवून लाइन भरून घेतो आणि बंद करतो. पुढे क्रँकचा सिग्नल आला तरच पुन्हा चालू करतो. अपघातात इंजिन बंद पडलं तर पेट्रोल वाहत राहू नये म्हणून ही सोय. म्हणजे सेन्सर मेला की पंप, इंजेक्टर, स्पार्क तिन्ही एकदम जातात. सेल्फवर पंप गप्प असणं हा इथं परिणाम होता, कारण नव्हे. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून ते दोन सेकंदांचं गुंऽऽ ऐकलं असतं तर दाजींचे ३,४०० वाचले असते.

९ एप्रिल

सेन्सरवर संशय आहे म्हणून लगेच बदलायचा नाही असं ठरवलंय. दाजींच्या डायरीत "संशय आहे म्हणून बदलला" असे पार्ट भरपूर झाले. कॉइल पॅक (ह्या गाडीत इग्निशन मॉड्यूल त्याच्या आतच आहे), मेन रिले आणि वायरिंग, हे तिघेही गरम झाल्यावर असाच दगा देऊ शकतात. चौघांतला कोण हे गाडी मेलेली असतानाच कळेल, आणि ती वेळ जेमतेम वीस मिनिटांची. तेवढ्यात कपलर शोधत बसलो तर गाडी गार. म्हणून सगळी जोडणी आधीच करून ठेवली.

इंजेक्टरच्या कपलरला समांतर एक एलईडी जोडला, सोबत एक किलो-ओहमचा रेझिस्टर आणि इंजेक्टर सुटताना येणारा उलटा झटका अडवायला एक डायोड. वायरमन काकांनी १५ रुपयांत बनवून दिला. इंजेक्टर चालू असेल तर लुकलुकतो. पंपाच्या वायरवर दुसरा एलईडी, तो डॅशबोर्डवर टेपने चिकटवला. स्पार्कसाठी टेस्टर, गॅप जुळवता येणारा, २५० रुपये. प्लगची वायर हातात धरून किंवा मोकळी सोडून स्पार्क बघायची जुनी सवय ह्या गाड्यांवर नको. झटका तर बसतोच, शिवाय करंटला जायला जागा मिळाली नाही की तो कॉइल पॅकच्या आत उडी मारतो आणि चांगला पॅक मरतो. मोबाइलला ब्लूटूथ स्कॅनर, त्यावर आरपीएम आणि कूलंट टेंपरेचर लावून ठेवलं.

सेन्सर सापडायला वेळ गेला. एअर फिल्टरचा डबा काढल्यावर खाली, गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगवर, फायरवॉलच्या बाजूला एका १० नंबरच्या बोल्टवर बसलेला आहे. त्याच्या वितभर अंतरावरून सायलेन्सरचा गरम पाइप जातो. पाइपावर उष्णता अडवणारा पत्रा असायला हवा. त्याची एक कानी बोल्टखाली शिल्लक आहे, बाकी पत्रा गायब. दाजी म्हणाले, खडखडतो म्हणून कुणीतरी काढून टाकला होता.

कपलरला तीन पिना. तीन पिना बघून हॉल सेन्सर समजू नका. कपलर काढून, चावी ऑन करून गाडीकडच्या बाजूला मीटर लावला, कुठेच पुरते ५ किंवा १२ व्होल्ट नाहीत. म्हणजे हा दोन वायरींचा, चुंबक आणि कॉइलचा साधा सेन्सर, आणि तिसरी पिन वायरीवरच्या जाळीची. हे पक्कं करणं महत्त्वाचं, कारण ओहम मोजून तपासायचा असतो तो हाच प्रकार. हॉल सेन्सरच्या आत इलेक्ट्रॉनिक्स असतं. त्याचा ओहम मोजून काही कळत नाही, त्याची सप्लाय, अर्थ आणि सिग्नल बघावा लागतो.

गार असतानाची नोंद : हवा ३२ अंश, सेन्सरचा रेझिस्टन्स ५६० ओहम. मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारताना ०.७ व्होल्ट. मीटरवर हर्ट्झ असेल तर एक गंमत आहे. ह्या गाडीत सेन्सरसमोरून फिरणाऱ्या फ्लायव्हीलवर ६० दातांची जागा आहे, त्यातले दोन मुद्दाम नाहीत. इंजिन सेकंदाला जितके फेरे घेतं त्याच्या साठपट हर्ट्झ, म्हणजे मीटरचा हर्ट्झ आकडा जवळपास आरपीएमच. आयडलला ८५० आरपीएम असताना मीटर ८२० च्या आसपास दाखवत होता, कारण ५८ च दात मोजले जातात.

१० एप्रिल

संध्याकाळी गाडी गरम करायला लिंब फाट्यापर्यंत हायवेने जाऊन आलो. काहीच झालं नाही. वारा चांगला लागत होता आणि ऊन उतरलं होतं. एक संध्याकाळ आणि पेट्रोल वाया.

घाटात मुद्दाम नेऊन बंद पाडायचा दाजींचा बेत होता, त्याला मी नाही म्हटलं. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. यवतेश्वरच्या वळणावर हे नको. अंगणातच मारायची.

१२ एप्रिल

सापडली.

दुपारी दीडला गाडी माहुलीपर्यंत फिरवून आणली, उन्हात उभी केली, बॉनेट बंद, एसी चालू, आयडलवर. कूलंट ९६, फॅन लागतोय, सुटतोय. चालत्या गाडीला वारा मिळतो, उभीला मिळत नाही, म्हणून बॉनेटखालची हवा भाजायला लागते. पंचविसेक मिनिटांनी, मी सावलीत कलिंगड खात असताना, इंजिन खट्‌कन बंद. मोबाइलवरच्या आलेखात आरपीएम ८५० वरून सरळ उभी रेघ मारून शून्य. उतार नाहीच.

मग घाईने, पण आधी ठरवलेल्या क्रमाने :

चावी ऑन. चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनर ईसीयूशी बोलतोय. म्हणजे ईसीयूला सप्लाय आहे, मेन रिले संशयातून सुटला. पंपाचा एलईडी दोन सेकंद लागला आणि विझला. म्हणजे पंपाचा रिले, फ्यूज, पंप सगळे जिवंत.

सेल्फ मारला. इंजिन जोरात फिरतंय आणि मोबाइलवर आरपीएम ०. इंजेक्टरचा एलईडी काळा, पंपाचा काळा, टेस्टरवर स्पार्क नाही. कॉइल पॅकच्या कपलरवर १२ व्होल्ट मात्र आहेत.

इथं क्रँक सेन्सर आणि इग्निशन मॉड्यूल ह्या दोन संशयितांची फारकत होते. इग्निशन मॉड्यूल गेलं असतं तर फक्त स्पार्क गेला असता. आरपीएम २००-२५० दिसला असता, इंजेक्टरचा एलईडी लुकलुकला असता, पंप चालला असता, आणि प्लग काढल्यावर पेट्रोलने ओले निघाले असते. शिवाय ह्या पॅकमध्ये दोन कॉइल आहेत, एक पहिल्या-चौथ्या सिलिंडरची, दुसरी दुसऱ्या-तिसऱ्याची. एक बाजू गरम होऊन गेली तर गाडी दोन सिलिंडरवर थरथरत चालते, अशी एकदम मरत नाही. पॅक सुटला.

सेल्फ सलग पाच-सहा सेकंद धरला तेव्हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड पडला, P0335. आधीच्या गॅरेजमध्ये स्कॅनरला काही दिसलं नव्हतं त्याचं कारण हेच असावं. क्रँकचा सिग्नल नाही म्हणजे ईसीयूच्या दृष्टीने इंजिन उभं आहे, त्यात तक्रार कसली? कॅम सेन्सरच्या पल्स येत राहतात आणि क्रँकचा एकही नाही, असं थोडा वेळ दिसलं तरच त्याला विसंगती कळते. थोडा-थोडा सेल्फ मारून सोडून दिला तर कोड पडतच नाही. कोड नाही म्हणून सेन्सर चांगला, हे गणित चुकीचं.

मग सेन्सरचा कपलर काढून मीटर लावला. OL. रेझिस्टन्सच नाही, आत वायर तुटलेली. ओलं फडकं चिमट्याने सेन्सरच्या अंगावर धरलं (बाटलीने पाणी ओतू नका, शेजारी लालभडक पाइप आहे). दोनेक मिनिटं मीटर OL, मग आकडे नाचायला लागले, मग ६२० वर स्थिर. कपलर लावला, सेल्फ मारला, लगेच गाडी चालू. बॉनेटखाली बाकी सगळं तसंच तापलेलं होतं, गार केला तो फक्त सेन्सर.

दाजी एवढंच म्हणाले, "म्हणजे पंप चांगला होता."

१३ एप्रिल

सेन्सर काढला. बोल्ट सुटला पण सेन्सर जागेत भाजून चिकटला होता. उचकटला असता तर त्याचं नाक, म्हणजे आत जाणारं टोक, तुटून फ्लायव्हीलवर पडलं असतं आणि गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली असती. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवला, सकाळी बोल्टची कानी धरून डावी-उजवीकडे फिरवत फिरवत वर घेतला. नाकावर चुंबकामुळे लोखंडी कीस चिकटला होता, थोडाच. तो जास्त असेल तर सिग्नल दुबळा होतो, पण इथला आजार वेगळा.

खात्रीसाठी स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी, त्यात थर्मामीटर, सेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बुडवला, कपलरचं टोक बाहेर कोरडं. गॅस अगदी बारीक, कारण बाहेरचं पाणी तापलं तरी आतली कॉइल उशिरा तापते. (हे पातेलं आता अंगणातच राहणार असा घरातून हुकूम निघाला आहे.)

३२ अंशाला ५६० ओहम, ६० ला ६२०, ७० ला ६४०. इथपर्यंत सगळं ठीक. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतोच, तेव्हा गरम झाल्यावर आकडा वाढला म्हणून सेन्सर खराब ठरवू नका. ७८ च्या जवळ आकडा थरथरला, ६५०, ९००, परत ६५०, आणि मग OL. गॅस बंद केला. पाणी गार होत असताना मी ७८ ची वाट बघत होतो, पण जोड परत लागला तो थेट ६३ अंशांवर. तुटतो एका तापमानाला आणि जुळतो त्याहून बऱ्याच खालच्या. रस्त्यात वीस-पंचवीस मिनिटं थांबावं लागायचं त्याचा हा हिशेब. इंजिन बंद केल्यावर पाण्याचं फिरणं आणि वारा दोन्ही थांबतात, त्यामुळे आधी काही मिनिटं सेन्सर आणखीच तापतो, मग हळूहळू ६३ पर्यंत उतरतो.

नंतर हॅकसॉने सेन्सर उभा कापला. काळ्या राळेत केसापेक्षा बारीक तांब्याची तार गुंडाळलेली, आणि तिचं टोक जिथं जाड पिनेला झाळलंय तिथं राळेला तडा. प्लॅस्टिक, राळ आणि तांबं तिघंही उष्णतेने वेगवेगळ्या मापाने फुगतात. वर्षानुवर्षं ओढाताण होऊन तार जोडाशीच तुटली असणार. गार असताना टोकं एकमेकांना टेकतात, गरम झाल्यावर फाकतात. भिंगातून बघताना हे दिसलं, नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

१४ एप्रिल

ओरिजिनल सेन्सर साताऱ्यात मिळाला नाही. पुण्याहून येईल, चार-पाच दिवस, १,६५० रुपये. दाजींना परवा लग्नाला कराडला जायचं, म्हणून दुकानदाराने काढून दिलेला डुप्लिकेट घेतला, ४८० रुपये. ओहम ८७०. आकडा वेगळा असला तरी एवढ्यावरून नापास करता येत नाही, वेगवेगळ्या कंपन्यांची कॉइल वेगळी असते. बसवला, गाडी चालू झाली, उन्हात पाऊण तास आयडल केली, बंद पडली नाही. दाजी खूश होऊन गेले.

१७ एप्रिल

दाजींचा सकाळी फोन. आता गरम होऊन बंद पडत नाही, पण पहाटे गार असताना सेल्फ लांबतो. चार-पाच सेकंद फिरते मग उठते. काल तर बॅटरी उतरली.

संध्याकाळी गाडी बघितली. सेल्फ मारताना सिग्नल ०.३ व्होल्ट, जुना सेन्सर ०.७ देत होता. ह्या सेन्सरचा व्होल्टेज दोन गोष्टींवर ठरतो, दात किती वेगाने पुढून जातात आणि नाक दातांपासून किती लांब आहे. पहाटे ऑइल घट्ट, सेल्फ मंद, म्हणजे वेग आधीच कमी. त्यात अंतर वाढलं तर ईसीयूला दातच दिसत नाहीत.

अंतर मोजायला फिलर गेज आत जात नाही. म्हणून सेन्सर काढून, पुली पान्याने हाताने फिरवत भोकातून दाताचा माथा समोर आणला आणि व्हर्निअरच्या शेपटीने बसण्याच्या जागेपासून दातापर्यंत खोली मोजली : २५.० मिमी. जुन्या सेन्सरचं नाक २४.० (कापण्याआधी मोजून ठेवलं होतं), म्हणजे अंतर १ मिमी. डुप्लिकेटचं नाक २३.१, म्हणजे अंतर १.९. जवळपास दुप्पट. कपलर जुळतो, बोल्ट जुळतो, आणि नाक पाऊण-एक मिलिमीटर आखूड. दुकानात काउंटरवर दोन्ही सेन्सर शेजारी उभे ठेवून नाकाची लांबी बघायला दहा सेकंद लागतात.

काका म्हणाले, कानी घासून सेन्सर खाली बसवू. घासला तर बसण्याचा पृष्ठभाग तिरका होतो, आणि अंदाज चुकला तर नाक दातांवर घासतं. ओरिजिनलची वाट बघायचं ठरलं. तोवर दाजींना सांगितलं, गाडी उताराला लावा आणि बॅटरी चार्ज ठेवा.

२१ एप्रिल

ओरिजिनल आला. नाक २४.०, ओहम ५५५. पातेल्याची परीक्षा ह्यालाही घेतली, ९५ अंशांपर्यंत आकडा सरळ चढत गेला, कुठं थरथर नाही.

बसवण्याआधी वायरिंगकडे बघितलं. कपलरजवळची वितभर वायर भाजून कडक झालेली, वाकवली की वरचं आवरण तडकत होतं. दोन्ही सिग्नल वायरी उघड्या पडून एकमेकींना टेकल्या असत्या तर नवीन सेन्सर असूनही गाडी तशीच बंद पडली असती, आणि मग आम्ही ईसीयूच्या मागे लागलो असतो. तेवढा तुकडा कापून नवीन वायर झाळली. दोन्ही वायरींना मूळचा पीळ दिला आणि जाळी पुन्हा जोडली. जाळी ईसीयूच्या बाजूलाच अर्थ असते, सेन्सरकडच्या टोकाला ती बॉडीला जोडायची नाही, नाहीतर अर्थमधला गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो. दोन वायरींची अदलाबदल होऊ द्यायची नाही. उलट्या लागल्या तर गाडी एक तर उठत नाही किंवा टायमिंग सरकल्यासारखी चालते, कारण ईसीयू लहरीच्या ठरावीक बाजूवर दात मोजतो. वर काचतंतूची नळी, १२० रुपये.

मग तो गायब पत्रा. एमआयडीसीत पत्र्याचं काम करणाऱ्याकडून जाड पत्रा मापाने वाकवून आणला, २०० रुपये. पाइप आणि पत्रा ह्यांत बोटभर हवा राहील असा बसवला, पत्रा पाइपाला टेकला तर तोच तापून भट्टी होते. बसवण्याआधी आणि नंतर, त्याच तऱ्हेने गरम करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी इन्फ्रारेड थर्मामीटरने सेन्सरची कानी मोजली. आधी ९४ अंश, नंतर ७९. चांगल्या सेन्सरला ९४ सुद्धा जड नाही, पण वायरीचं आवरण आणि कपलर ह्यांचं आयुष्य ह्या पंधरा अंशांत आहे.

सेल्फवर ०.७ व्होल्ट. पहाटेची स्टार्टिंग पूर्ववत.

२६ एप्रिल

काकांकडे एक जुनी कार्बोरेटरची व्हॅन आली, तक्रार शब्दशः तीच : गरम झाली की बंद, गार झाली की चालू. माझं सगळं ऐकून काकांनी तिलाही सेन्सर शोधायला घेतला, पण हिच्यात डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर इग्निशन मॉड्यूल आहे. मेल्यावर बघितलं तर प्लग ओले, पेट्रोलचा वास, कॉइलला १२ व्होल्ट आणि स्पार्क नाही. डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या पिकअप कॉइलला मीटर लावला, गरम असतानाही आकडा शाबूत. मॉड्यूलवर ओलं फडकं धरलं आणि स्पार्क आला. मॉड्यूल काढल्यावर कारण पाठीवरच दिसलं. आधी कुणीतरी बदलताना खाली उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट लावलीच नव्हती, पाठ कोरडी आणि एका कोपऱ्यात करपलेली. तिथं साधं ग्रीस चालत नाही. नवीन मॉड्यूल, पाठ आणि बैठक पुसून पेस्टचा पातळ थर, आणि व्हॅन त्याच संध्याकाळी गेली.

४ मे

दाजी सहकुटुंब पुण्याला जाऊन आले. येताना खंबाटकी दुपारी दोनला, एसी लावून, ट्रकांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरात चढली. वर पोचल्यावर ताईने फोन केला, "काटा हलला नाही रे," आणि मागून दाजी ओरडले, "काटा हलतोय म्हण, नाहीतर त्याला वाटेल परत बंद पडली."

खर्च : टेस्टर आणि एलईडी २६५, डुप्लिकेट सेन्सर ४८० (दुकानदाराने परत घेतला नाही), ओरिजिनल १,६५०, नळी आणि वायर १६०, पत्रा २००, काकांना चहापाण्यासह ५००. एकूण ३,२५५, म्हणजे आधी विनाकारण बदललेल्या एका पंपापेक्षा कमी. जुना पंप दाजींनी गॅरेजमधून मागून आणलाय, तो बॅटरीवर लावून बघितला, उत्तम चालतो. डिकीत ठेवून दिलाय. कपलरची एक खिट्टी उष्णतेने तुटलीय, सध्या टायने बांधली आहे. पावसाळ्याआधी कपलर बदलायचा, नाहीतर पाणी आत शिरून पिनांना हिरवा गंज चढेल आणि हीच तक्रार पावसात सुरू होईल.